मदत हवी आहे: मूळ आवाज म्यूट करूनही मध्येच ऐकू येतो

फोनच्या गॅलरीतल्या एडिटरमध्ये ४० सेकंदांची क्लिप आहे. ती आधी १५व्या सेकंदाला स्प्लिट केली, मग स्पीकरच्या चिन्हावर टॅप करून मूळ आवाज बंद केला आणि वर गाणं लावलं. पहिला भाग ठीक, पण १५व्या सेकंदापासून गाण्याखाली वाऱ्याची घरघर ऐकू येते. म्हणजे म्यूट फक्त निवडलेल्या तुकड्यालाच लागू झालंय. संगीताचा स्लायडर कमी केला तर गाणंच दबतं, घरघर तशीच.

सगळ्या तुकड्यांचा मूळ आवाज एकदम शून्यावर नेता येतो का? की अख्खी क्लिप आधी म्यूट करून कॉपी सेव्ह करायची आणि मगच कापायची? तसं केल्यास दोनदा एक्सपोर्ट होऊन चित्र थोडं खराब होतं, ते टाळायचंय.