निकालाआधीचं स्ट्रॅडल: शेअर 5 टक्के उडाला, मग पैसे गेले कुठे?

उंबरठा (धागाकर्ता)
शेअर 1000 ला होता. तिमाही निकालाच्या दिवशी बाजार बंद व्हायच्या जरा आधी 1000 चा कॉल आणि 1000 चा पुट, दोन्ही उचलले. जोडीला 95 मोजले. एक्सपायरीला 10 ट्रेडिंग दिवस, आयव्ही 60. रात्री निकाल आला, सकाळी शेअर 1050 ला उघडला. आणि माझी जोडी 63 ला! आयव्ही निम्म्यावर, 30. वर की खाली याच्याशी मला देणंघेणंच नव्हतं, नुसती हालचाल हवी होती, ती झालीही. तरी 32 गेले. निकालाआधी स्ट्रॅडल विकत घेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे असं माझं मत झालंय. कुणाला वेगळं वाटतं का?

निमूट
स्टॉपलॉस का नाही लावला? 80 ला लावला असतात तर 15 वर सुटला असता.

उंबरठा
अहो, जोडी रात्री 95 ला होती आणि सकाळी पहिलाच भाव 63. मधे 80 आलाच नाही. स्टॉपलॉस लागला असता तोही 63 लाच.

रोजचा विक्रेता
मूर्खपणा नाही, दानधर्म आहे. तुम्ही देता, आम्ही घेतो. निकालाच्या आदल्या दुपारी विकायचं, दुसऱ्या दिवशी पहिल्या 15 मिनिटांत उरकायचं. आयव्ही पडणार हे ठरलेलंच असतं. जे पडणार हे माहीत आहे ते विकत कशाला घ्यायचं?

कोरडा हिशेब
पडणार हे ठरलेलं असतं, खरंय. पण ते भाव लावणाऱ्यालाही माहीत असतं, म्हणून त्यात फुकटचं काही नाही. उंबरठा, 5 टक्के ही मोठी हालचाल असं तुम्ही कशाच्या मानाने ठरवलंत?

तुमचा 60 चा आकडा सगळ्या 10 दिवसांची सरासरी होती. त्यातले 9 दिवस साधे, 30 च्या लायकीचे. एकच दिवस जड, निकालाचा. तो किती जड ते काढता येतं. फक्त आयव्हीची सरळ बेरीज होत नाही, तिच्या वर्गाची होते. 60 चा वर्ग गुणिले 10, म्हणजे 36000. त्यातून साध्या दिवसांचे 30 चा वर्ग गुणिले 9, म्हणजे 8100 वजा केले की उरले 27900. हे सगळं त्या एका दिवसाचं. वर्गमूळ 167, वार्षिकाचं रोजचं करायला 16 ने भागा, साधारण साडेदहा टक्के. सरासरी हालचाल त्याच्या 80 टक्क्यांच्या आसपास धरतात, म्हणजे 8.4.

म्हणजे बाजाराने तुम्हाला 8.4 टक्क्यांची हालचाल विकली आणि शेअर हलला 5. आयव्ही "कोसळली" म्हणतात, पण तो जड दिवस सरासरीतून निघून गेला, एवढंच झालं. शेअर जागचा हलला नसता तर जोडी 45 ला दिसली असती. 5 टक्क्यांमुळे निदान 63 मिळाले. सकाळीच 95 परत मिळायला सव्वानऊ टक्के लागले असते.

उंबरठा
हे आधी कुणी सांगितलं असतं तर! पण साधे दिवस 30 चे हे मला आदल्या दिवशी कुठून कळणार? ते तर निकालानंतर दिसलं.

कोरडा हिशेब
पुढच्या महिन्याची एक्सपायरी उघडून बघायची. जड दिवस एकच, पण तिथे तो 30 दिवसांत वाटला जातो. जवळची 60 आणि लांबची 42 दिसली, की या दोन आकड्यांतून साधा दिवस आणि जड दिवस दोन्ही सुटतात. तुमच्या वेळी 42 च्या आसपास असणार, असा माझा अंदाज. दोन्ही सारख्याच असत्या तर निकाल भावात धरलाच नाही असं म्हणता आलं असतं. असं मला फारसं सापडलेलं नाही.

सांजवेळ
मग लांबचीच जोडी घ्यायची की! तिथे आयव्ही 42 वरून 30, म्हणजे मार कमी.

कोरडा हिशेब
मार कमी, खरंय. तुमच्याच आकड्यांनी लांबची जोडी साधारण 117 ला पडली असती आणि 5 टक्के हालल्यावर 93 ला आली असती. 24 गेले असते, 32 नाही. पण शेअर 10 टक्के हलला असता तर जवळच्या जोडीत 7 सुटले असते, लांबच्यात 3. ज्यासाठी घ्यायची तेच पातळ होतं.

सांजवेळ
बरं, ते सोडा. मी निकालापर्यंत थांबतच नाही. आठवडाभर आधी घेतो आणि निकालाच्या दुपारी विकून मोकळा. आयव्ही रोज चढत जाते, चढती घ्यायची, पडायच्या आत निघायचं. यात चूक काय?

कोरडा हिशेब
आयव्ही चढते हे बरोबर. जोडीचा भाव चढतो हे चूक, आणि भले भले इथे फसतात. याच शेअरमध्ये पाच दिवस मागे जा. 15 दिवस बाकी, जड दिवस एक, साधे 14. आयव्ही निघते 52, जोडीचा भाव 101. शेअर हललाच नाही तर पाच दिवसांनी आयव्ही 60 आणि जोडी 95. आयव्ही 8 ने वर, खिशातून 6 बाहेर. साधे दिवस गळत गेले, म्हणून जड दिवसाचा सरासरीतला वाटा वाढला. जड दिवसाची किंमत होती तेवढीच राहिली.

सांजवेळ
पण मला तर सुटलेत पैसे. तीनदा.

कोरडा हिशेब
तीनही वेळा त्या आठवड्यात शेअर हलला का ते बघा. किंवा निकाल मोठा येणार अशी कुजबुज वाढून जड दिवसच महागला असेल. दोन्ही गोष्टी होतात. पण नुसती चढती आयव्ही पैसे देत नाही.

सांजवेळ
दोनदा हलला होता. तिसऱ्यांदा नाही, हे नक्की आठवतंय. त्यामुळे मी पूर्ण मान्य करणार नाही.

सोनचाफा
विक्रेतेसाहेब, मीही तुमच्याच पंथातली होते. सलग सात निकालांना स्ट्रॅडल विकलं, सातही वेळा आयव्ही गळाली, दर वेळी थोडे थोडे सुटले. आठव्याला शेअर 20 टक्के खाली उघडला. जोडी 200 च्या वर, मी विकली होती 90 ला. आयव्ही त्या दिवशीही पडलीच हो, अगदी निम्मी झाली. काही उपयोग झाला नाही. सात वेळचं एका सकाळीत गेलं आणि वर मार्जिनसाठी फोन.

रोजचा विक्रेता
ताई, लांबच्या स्ट्राइकचे कॉल-पुट घेऊन दोन्ही पंख बांधायचे असतात. उघडं कोण विकतं?

सोनचाफा
पंखांनाही तोच जड दिवस लागलेला असतो, तेही महागच मिळतात. मी हिशेब केला होता, सातांतल्या कमाईपैकी बराच भाग त्यातच गेला असता. पंख घेतले असते तर आज हे लिहीत नसते, ते वेगळं.

उंबरठा
म्हणजे मूर्खपणा घेण्यात किंवा विकण्यात नव्हता, 8.4 महाग की स्वस्त हे न बघण्यात होता. आत्ता बसून याच शेअरच्या मागच्या आठ निकालांची दुसऱ्या दिवशीची हालचाल काढली, दिशा सोडून: 3, 7, 8, 2, 9, 5, 11, 25. सरासरी पावणेनऊ. मग 95 स्वस्तच होते की!

रोजचा विक्रेता
तो 25 काढा बघू. उरलेल्या सातांची येते 6.4. मग महाग. असला प्रकार एकदाच होतो.

सोनचाफा
एकदाच पुरतो.

कोरडा हिशेब
मी 25 धरतो, पण आठ आकड्यांवर पैज लावत नाही. त्या तिमाहीत नेमकं काय झालं होतं? नेहमीचाच निकाल होता की आणखी काही जाहीर झालं?

उंबरठा
बघतो. घोषणा दोन होत्या एवढं आठवतंय, शेअर कुठल्यावर हलला ते नाही.