मदत हवी आहे: सीईटीच्या निकालाची जाहिरात प्रामाणिकपणे कशी करायची?

फळा_खडू:
नमस्कार मंडळी. राजारामपुरीत माझा बारावी सायन्सचा छोटा क्लास आहे, पीसीएम ग्रुपच्या एमएचटी-सीईटीची तयारी करून घेतो, मी आणि अजून दोघं शिकवतो. पेपरात एक छोटी जाहिरात आणि दाभोळकर कॉर्नरजवळ एक फ्लेक्स लावायचाय. डिझाइनवाल्यानं जो नमुना पाठवलाय त्यात तीन पोरांचे मोठे फोटो, "९९.४२ पर्सेंटाइल" आणि खाली "तुमचं इंजिनिअरिंगचं स्वप्न, आमची जबाबदारी". बघून पोटात गोळा आला, कारण आमचा खरा निकाल हा नव्हे.

खरे आकडे असे आहेत. जूनमध्ये ७२ प्रवेश, वर्षभरात ११ जण सोडून गेले. राहिलेल्या ६१ पैकी चौघांनी पीसीएमचा पेपर दिलाच नाही, म्हणजे बसले ५७. त्यातल्या ५२ जणांचा निकाल मला माहीत आहे, ५ जण फोनच उचलत नाहीत. त्या ५२ मध्ये ९९ च्या वर २, ९५ ते ९९ मध्ये ८, ९० ते ९५ मध्ये ११, ८० ते ९० मध्ये १४, ५० ते ८० मध्ये १२ आणि ५० च्या खाली ५. आणि तो ९९.४२ वाला पोरगा या ७२ मध्ये नाहीच, त्यानं शेवटचे दीड महिने फक्त टेस्ट सिरीज लावली होती. हे सगळं एका फ्लेक्सवर कसं मांडू? की नकोच मांडू?

फ्लेक्सवाला_भावा:
सर मी याच धंद्यात आहे. एवढे आकडे कोण वाचणार, गाडी थांबत नाही तिथं. फोटो मोठे ठेवा, खाली बारीक अक्षरात "निकाल विद्यार्थ्याच्या कष्टावर अवलंबून" असं टाका की झालं. आणि फोटोची परवानगी ॲडमिशन फॉर्मवरच सही घेऊन ठेवायची, सगळे तसंच करतात, काही होत नाही.

शाहूपुरीची_ताई:
दादा, परवानगी लेखी हवी हे तुमचं बरोबर आहे, पण ती फॉर्मवर घेऊन चालत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यात ती संमती पोराला यश मिळाल्यानंतर घ्यायची आहे, कारण प्रवेशाच्या वेळी पालक नाही म्हणायच्या परिस्थितीत नसतात. बारीक अक्षराचंही तसंच, खुलासा दाव्याइतक्याच ठळक अक्षरात पाहिजे. सर, ५० पेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांना हे लागू होतं, म्हणजे तुम्ही त्यात आलात.

आता ९९.४२ वाल्याचं. फोटोजवळ कुठला कोर्स, किती काळाचा आणि फी भरून की फुकट, हे लिहावं लागतं. यूपीएससीच्या काही मोठ्या क्लासेसना दंड झाला तो नेमका याच मुद्द्यावर, निवड झालेल्या कित्येकांनी तिथं फक्त मुलाखतीची तयारी केलेली आणि जाहिरात वाचून वाटायचं की पहिल्यापासून तिथंच शिकले. तुमच्या पोराखाली "टेस्ट सिरीज, दीड महिना, सशुल्क" असं लिहा, नाहीतर फोटो काढा. मी तर काढूनच टाकीन.

आणि "आमची जबाबदारी" ही ओळ खोडा. हमी शब्द नसला तरी वाचणाऱ्याला हमीच ऐकू येते.

कागलचा_पालक:
माझ्या पोरीच्या वेळचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी असाच एक फ्लेक्स बघून फी भरली, "९५" असा मोठा आकडा होता आणि मला वाटलं ९५ टक्के मार्क. पोरीला ८१ पर्सेंटाइल पडले तर घरात तीन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही, आम्हाला वाटलं तिनं ८१ टक्के पाडले आणि तरी कॉलेज मिळंना. पहिला हप्ता भरल्यावर कळलं की बॅच वेगळीच, टॉपरांची निराळी. फी परत मिळंल का हो अजून?

शाहूपुरीची_ताई:
काका, फीसाठी वेगळा धागा काढा, पावती आणि फॉर्म दोन्हीचे फोटो ठेवा. पण पर्सेंटाइलचं तुम्ही बरं काढलंत. ८१ म्हणजे शंभरातली साधारण ८१ मुलं तिच्या बरोबरीनं किंवा मागं, किती मार्क पडले हे त्यातून कळतच नाही. सर, ही एक ओळ जाहिरातीत पाहिजेच.

फळा_खडू:
मनापासून आभार. काकांचं वाचून वाईट वाटलं, आमच्याकडंही पालक हेच विचारतात. आता माझी खरी अडचण खालच्या आकड्याची आहे. ८० च्या वर ३५ पोरं. ३५ भागिले ५२ केलं तर ६७ टक्के, ५७ घेतले तर ६१, आणि ७२ घेतले तर ४९. तिन्ही खरेच आहेत, लिहू कुठला?

आकडेमोड_मास्तर:
मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. ५२ घेऊ नका. निकाल न कळवणारी पोरं बहुतेक कमी मार्कांची असतात, चांगला निकाल लागलेला पोरगा पेढे घेऊन स्वतः येतो. त्यामुळं ५२ वर भागलं की आकडा आपोआप फुगतो. ५७ वर भागा आणि "५ जणांचा निकाल कळला नाही" अशी ओळ तिथंच टाका. टक्क्यांपेक्षा सरळ मुलं मोजून लिहा, "५७ पैकी ३५" कुणालाही कळतं. अजून एक, मधला विद्यार्थी सांगा. तुमच्या ५२ जणांना ओळीत उभं केलं तर मधली दोघं ८० ते ९० मध्ये येतात, पालकाला आपलं पोर कुठं बसेल याचा अंदाज टॉपरपेक्षा यातून जास्त येतो.

पण एक विचारतो, तुम्ही प्रवेश देताना दहावीचे मार्क बघता का? बघत असाल तर ९९ वाली दोघं आधीच हुशार होती, त्यात क्लासचा वाटा किती हे या आकड्यांतून निघत नाही.

फळा_खडू:
चाळणी नाही लावत, पण दहावीला ९५ च्या वर असतील तर निम्मी फी माफ करतो. ९९ वाली दोघंही त्यातलीच.

आकडेमोड_मास्तर:
मग तेही लिहा त्यांच्या नावाजवळ. आणि शक्य असेल तर तीन वर्षांचे आकडे शेजारी द्या. एवढ्या लहान बॅचमध्ये दोन हुशार पोरं आली की वर्ष चांगलं दिसतं, पुढच्या वर्षी नाही आली की पडतं.

फ्लेक्सवाला_भावा:
ताई ते संमतीचं मला खरंच माहीत नव्हतं, बाकी गिऱ्हाइकांनाही सांगतो. पण सर, सोडून गेलेले ११ पण लिहिणार? मग ॲडमिशनच होणार नाहीत, समोरचा क्लास फोटोंची भिंत लावून बसलाय.

शाहूपुरीची_ताई:
माझं मत, लिहावेत. सोडून जाणं हाही निकालच आहे.

आकडेमोड_मास्तर:
मला तसं वाटत नाही. कुणी घर बदललं म्हणून गेलं, कुणी नीटकडं वळलं. कारण न सांगता नुसता ११ लिहिला तर तोही दिशाभूलच करतो.

फळा_खडू:
काल रात्री बसून मजकूर केला. टेस्ट सिरीजवाल्याचा फोटो काढला. ९९ वाल्या दोघांच्या घरी जाऊन पोरांची आणि आईवडिलांची लेखी संमती मागितली, पण एकीच्या वडिलांनी फोटो नको म्हटलं म्हणून मग दोघांचेही फोटो नाहीत. फ्लेक्सवर आता एवढंच, सगळं एकाच आकाराच्या अक्षरात:

"एमएचटी-सीईटी पीसीएम, वर्षभराची बॅच. जूनमध्ये प्रवेश ७२, परीक्षेला बसले ५७. ९० पर्सेंटाइलच्या वर २१, ८० ते ९० मध्ये १४, ८० च्या खाली १७, निकाल कळला नाही ५. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. मागच्या दोन वर्षांचा पूर्ण निकाल क्लासमध्ये फळ्यावर लावला आहे, येऊन बघा."

७२ आणि ५७ दोन्ही आहेत, मधले १५ कुठं गेले हे विचारायला येणाऱ्याला मी तोंडी सांगीन. ११ जणांना फोन करून कारणं लिहून घेतोय, आत्तापर्यंत सात झाले, त्यातल्या तिघांनी सांगितलं की वेग झेपला नाही. ते कुठं आणि कसं लिहायचं हे अजून ठरत नाही, कुणी असं केलं असेल तर सांगा.