मदत हवी आहे: कूलरचा धंदा, रिटर्न तीन लाखांचं, घरासाठी कर्ज हवं २४ लाख

कूलरवाला_महाल: नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात माझं कूलरचं दुकान आहे. होळीपासून मृग लागेपर्यंत जेवायला फुरसत नसते, नंतर मात्र महिनोन्‌महिने पंप-मोटर दुरुस्तीवर भागवावं लागतं. वर्षाची विक्री १८ लाखांच्या आसपास, खर्च जाऊन साडेसहा लाख उरतात. रिटर्न मात्र दरवर्षी तीन लाखांचंच भरलं. बेसाला फ्लॅट पाहिला आहे. बँक म्हणते, ११ लाखांच्या वर देणार नाही. काय करू?

धरमपेठ_७२: मुद्रातून घ्या की भाऊ! माझ्या पिठाच्या गिरणीला मिळालं.

कूलरवाला_महाल: दादा, ते धंद्यासाठी असतं. मला घर घ्यायचं आहे.

हिशेबनीस: मागच्या तीन वर्षांची वाढीव रिटर्न एकदम भरून टाका. काम होते.

माजी_कर्जअधिकारी: जुन्या वर्षाचं रिटर्न दुरुस्त करता येतं, पण त्यातून जादा कर निघत असेल तरच. साडेसहा लाखांवर नव्या पद्धतीत कर निघणारच नाही, म्हणजे ती वाट बहुधा बंद. शिवाय तीन रिटर्न एकाच आठवड्यात भरलेली दिसली की आम्ही फाईल बाजूला ठेवायचो.

भाऊ, ११ लाख कुठून आले ते पाहा. तीन लाख म्हणजे महिन्याला २५ हजार. त्यातले निम्मे हप्त्यांसाठी धरतात, साडेबारा हजार. गाडीचा वगैरे हप्ता आहे का?

कूलरवाला_महाल: हो, बाईकचा २,६०० चा.

माजी_कर्जअधिकारी: मग उरले ९,९००. नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली तर लाखाला ९०० रुपये हप्ता बसतो. झाले ११ लाख. २४ लाखांसाठी वर्षाचं उत्पन्न ५ लाख ८० हजार दिसायला हवं, आणि तेवढं तुम्ही खरंच कमावता. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत धंद्याच्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. मग कमी दाखवून तुम्ही वाचवता काय? फक्त खात्यातली जमा त्या आकड्याला पुरली पाहिजे.

कूलरवाला_महाल: तिथेच अडचण आहे. दुकानातला क्यूआर धाकट्या भावाच्या खात्याचा आहे. रोख तर सरळ दिल्लीच्या मोटरवाल्याला जाते.

माजी_कर्जअधिकारी: मग तुमचा धंदा बँकेला दिसणार कसा? क्यूआर आजच बदला. रोखही आधी खात्यात भरा, मग माल उचला. अर्ज करायच्या आधी एकदम मोठी रोख भरू नका, त्यावर पहिला प्रश्न येतो.

सीताबर्डी_ताई: आमच्या ह्यांचं केटरिंग. माझा शिक्षिकेचा पगार जोडला, तेव्हा कुठे मंजूर झालं. वहिनी काही करतात का?

कूलरवाला_महाल: ती घरीच शिवणकाम करते ताई, कागद काहीच नाही.

हिशेबनीस: गृहवित्त कंपन्या दुकानात येऊन खरेदीची बिलं बघून उत्पन्न ठरवतात. तिथे जा.

माजी_कर्जअधिकारी: हे बरोबर. पण व्याज जास्त पडेल, आणि स्वतःचे पैसेही जास्त घालावे लागतील. थांबता येत असेल तर दोन चांगली रिटर्न होऊ द्या.

कूलरवाला_महाल: क्यूआर उद्याच बदलतो. पण बिल्डरने दिवाळीपर्यंतच भाव धरला आहे. जास्त व्याजाने आत्ता घेऊन दोन वर्षांनी कर्ज बँकेत हलवलेलं कोणी आहे का इथे?