मदत हवी आहे: आत्याला फंडाची फॅक्टशीट मराठीत कशी समजावू?

आत्या पहिल्यांदाच म्युच्युअल फंडात पैसे टाकतेय, तिला इंग्रजी वाचता येत नाही आणि फॅक्टशीट सगळी इंग्रजीत. एक्सपेन्स रेशो तिला कळला, म्हणजे १ लाखावर १.८ टक्के असेल तर वर्षाला साधारण १८०० रुपये, ते वेगळे भरायचे नाहीत, रोजच्या एनएव्हीतून थोडे थोडे आधीच कापलेले असतात. बेंचमार्कचंही सांगितलं की फंडाने १२ टक्के दिले आणि त्याच्या इंडेक्सने १३, तर फंड मागेच पडला, मग १२ हा आकडा कितीही चांगला दिसो.

अडलंय ते ड्रॉडाउनपाशी, म्हणजे शिखरापासून तळापर्यंत किती टक्के पडझड झाली तिथे. बऱ्याच फॅक्टशीटमध्ये तो नसतोच, परताव्यातल्या चढउतारांचं माप असलेलं स्टँडर्ड डेव्हिएशन असतं, त्यावरून तिला काय कळणार? म्हणून २०२० चा निफ्टी घेतला, जानेवारीतल्या शिखरापासून मार्चपर्यंत ३८ टक्के खाली, म्हणजे १ लाखाचे ६२ हजार. आता ती म्हणते ३८ टक्के वाढला की भरून निघालं ना? पण ६२ हजारांवर ३८ टक्के म्हणजे साडेपंच्याऐंशी हजारच होतात, पूर्ण लाखाला ६१ टक्के लागतात. हे टक्क्यांचं गणित न घाबरवता कसं सांगायचं? घरी कुणाला समजावलंय का?