मागवणं बंद केलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही कसं विचारता? अनुभव लिहा

भाजणीघर
मी ठाण्यात घरून भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला विकते. एक काकू दर दीड महिन्याला किलोभर भाजणी न्यायच्या, त्या श्रावणापासून गप्प आहेत. "काकू, आमचं काही चुकलं का?" असा मेसेज तीनदा लिहिला आणि पुसला. नवरा म्हणाला, "हे वाचून त्या बिचाऱ्या आधी माफी मागतील, मग नको असताना ऑर्डर देतील आणि पुढच्या वेळी तुझा फोनच उचलणार नाहीत." त्याचं पटलं, पण मग लिहू काय? तुम्ही काय केलंत ते सांगा.

मसाल्याची वही
चौदा वर्षं मसाले करतेय. माझ्याकडे प्रत्येक घराचं वहीत एक पान आहे, त्यावर फक्त तारीख आणि वजन. त्यावरून कोणाचा मसाला किती दिवस पुरतो ते कळतं. नेहमीच्या अंतराच्या दुप्पट दिवस गेले की मी एक मेसेज करते, त्याआधी नाही. दीड महिन्याचं गिऱ्हाईक दोन महिने आलं नाही तर ते गावाला गेलेलं असतं.

एका वहिनींचा गोडा मसाला दर महिन्याला पाव किलो जायचा. पाच महिने काही नाही. (दुप्पट म्हणते खरी, पण इथे मीही टाळलंच.) मग लिहिलं: "वहिनी, आज गोडा मसाला कुटला. तुम्हाला दगडफूल जास्त लागतं ते आठवलं. घरी सगळे बरे ना? मसाल्याचं राहू द्या, सहज विचारलं."

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मुलगा बंगळूरला गेला, घरात दोघंच उरली. पाव किलो संपायला तीन महिने लागतात, तोवर वास उडतो, आणि आमचं कमीत कमी पाव किलो असल्यामुळे "थोडासाच द्या" म्हणायला त्यांना संकोच वाटत होता. म्हणजे अडचण आमच्या पुडीची होती! तेव्हापासून ५० ग्रॅमची पुडी ठेवली. त्या पुन्हा घेतात, आधीपेक्षा कमी, पण घेतात.

"काही चुकलं का" विचारलं की समोरच्याला कारण द्यावं लागतं. "राहू द्या" म्हटलं की मनात असेल ते आपसूक येतं.

फरसाणवाला
एवढा विचार कशाला? मी सगळ्यांना एकदम "१० टक्के सूट" पाठवतो. चार-पाच जण परत येतातच. मात्र आता तेच लोक सूट येईपर्यंत थांबतात, हेही खरं.

लोणचीलाडू
@फरसाणवाला, ब्रॉडकास्टने पाठवता ना? ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही, त्याला तो मेसेज पोचतच नाही. माझ्या एका ताईंनी फोन बदलला, जुने नंबर गेले. मी वर्षभर समजत होते की त्या वाचून गप्प बसतात. शेवटी वेगळा मेसेज केला, तर त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटलं तू बंद केलंस."

पोळीभाजी केंद्र
माझ्याही एका गिऱ्हाइकाने डबा बंद केला, ६४० रुपये बाकी ठेवून. त्याला काय गोड बोलून विचारायचं? सांगा कोणीतरी.

मसाल्याची वही
तो वेगळा विषय आहे हो. पण दोन्ही एका मेसेजमध्ये घालू नका. "कसे आहात" च्या खाली बाकी लिहिली की पहिलं वाक्य खोटं वाटतं.

कोकणमेवा
एका आजोबांना मी लिहिलं होतं, "बऱ्याच दिवसांत ऑर्डर नाही." मुलाचं उत्तर आलं: "बाबा जूनमध्ये गेले." आजही तो मेसेज आठवला की लाज वाटते. तेव्हापासून पहिल्या मेसेजमध्ये ऑर्डर हा शब्दच नसतो.

वाचनमात्र
मी विकणारी नाही, घेणारी आहे. एकीकडची भाजणी दोनदा कचकचली, म्हणून बंद केली. तिने विचारलं तेव्हा "अजून शिल्लक आहे" म्हणाले. इतक्या गोड मुलीला कसं सांगायचं?

मसाल्याची वही
"शिल्लक आहे" एकदा ऐकलं की मी खरं मानते. दोनदा ऐकलं की समजते आणि पुन्हा विचारत नाही. पण कचकच कोणी सांगितलीच नाही, तर धान्य नीट धुतलं-निवडलं गेलं नाही हे आम्हाला कळणार कसं? यावर मला आजवर उपाय सापडलेला नाही.

भाजणीघर
काल लिहिलं: "काकू, आज भाजणी दळून आणली, घरभर वास सुटला आणि तुमची आठवण झाली. बऱ्या आहात ना? भाजणीचं राहू द्या." निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

@वाचनमात्र, तुमचं वाचून रात्री डब्यातली चिमूटभर भाजणी दाताखाली धरून पाहिली. कचकच नव्हती. पण ती या खेपेची. श्रावणातली कशी होती, आता कोणाला विचारू?