अनुभव धागा: एकसामयिक समीकरणांच्या उत्तरसूचीतील चुका, मुलांच्या हाती पडण्यापूर्वी

धागा सुरू करणाऱ्या शिक्षिका, सदाशिव पेठ

दहावीच्या गणित भाग 1 मधील पहिल्याच प्रकरणावर, म्हणजे दोन चलांतील रेषीय समीकरणांवर, आम्ही एक सरावपत्रिका बाहेरून छापून घेतली आहे. ती वाटण्यापूर्वी उत्तरसूची पडताळत असताना 3x − 2y = 16 आणि 5x + 4y = 12 या उदाहरणापाशी आम्ही अडखळलो. सूचीत (20, 22) ही उकल छापलेली होती. माझ्या सहकारी बाईंनी किमती पहिल्या समीकरणात ठेवल्या, 60 − 44 = 16 आले, आणि त्यांनी बरोबरची खूण केली. दुसऱ्या समीकरणात मात्र त्याच किमतींनी 12 ऐवजी 188 येतात. खरी उकल (4, −2) आहे.

ही चूक कशी झाली असावी, हे मी मागे जाऊन शोधले. पहिल्या समीकरणाला 2 ने गुणले की 6x − 4y = 32 मिळते. त्याखाली दुसरे समीकरण मांडल्यावर y चे सहगुणक विरुद्ध चिन्हांचे असल्यामुळे बेरीज करायला हवी; सूची करणाऱ्याने y चा लोप झाला असे धरले, पण x आणि स्थिरपदे यांची वजाबाकी केली, त्यामुळे x = 20 आले. मग हीच किंमत पहिल्या समीकरणात ठेवून y काढला. ज्या समीकरणातून y काढला, त्याचे समाधान तो करणारच; पडताळा घ्यायचा तो दुसऱ्यात. छापील सूचीवरून कोणते समीकरण वापरले हे कळत नसल्याने दोन्हींत किमती ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. आपणांस वाटण्यापूर्वी अशा कोणत्या चुका सापडल्या आणि त्यांचे मूळ कसे ओळखले, ते कृपया सविस्तर लिहावे.

खासगी वर्ग घेणारे, कोथरूड

माझी पद्धत सरळ आहे. उदाहरण सोडवत बसायचे नाही, सूचीतील जोडी दोन्ही समीकरणांत ठेवायची. दोन्हींत बसली तर उत्तर बरोबर, एकात जरी बसली नाही तरी चूक. अख्खी पत्रिका चहा गार होण्याच्या आत तपासून होते. याहून अधिक काही करण्याची गरज मला कधी भासली नाही.

निवृत्त गणित शिक्षक, हडपसर

कोथरूडच्या सरांचे म्हणणे बहुतेक उदाहरणांना लागू पडते, पण सर्वांना नाही. एका सूचीत 2x − 3y = 5 आणि 6x − 9y = 15 यांची उकल (4, 1) दिली होती. ती दोन्ही समीकरणांत चोख बसते. तरीही उत्तर म्हणून ते अपुरेच आहे, कारण दुसरे समीकरण म्हणजे पहिल्याचीच तिप्पट असून (1, −1) सुद्धा तितकीच बसते. या जोडीच्या उकली अनंत आहेत. पडताळ्याने हा दोष कधीच उघडकीस येणार नाही. त्यासाठी आधी सहगुणकांची गुणोत्तरे पाहावी लागतात.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची वाटते. जोडी एका समीकरणात बसते आणि दुसऱ्यात बसत नाही, तेव्हा सूचीच चुकली असे लगेच मानू नये. प्रश्नातच मुद्रणदोष असू शकतो. माझ्याकडे 2x + 5y = 1 आणि 4x + 3y = 15 असा प्रश्न आणि (3, −1) असे उत्तर छापून आले होते. पहिल्यात ते बसले, दुसऱ्यात 15 ऐवजी 9 आले. फरक 6 चा, आणि 3y या पदाची किंमत −3, म्हणजे फरक त्या पदाच्या बरोबर दुप्पट. एखाद्या पदाचे चिन्ह उलटले की फरक नेहमी त्या पदाच्या दुपटीएवढाच पडतो. मूळ समीकरण 4x − 3y = 15 असणार हे तिथेच कळले. छापील प्रश्न जसाच्या तसा सोडवला असता y ची किंमत −13/7 येते. बाकी साऱ्या पत्रिकेची उत्तरे पूर्णांकी असताना एकाच ठिकाणी सातांश निघाले, हीदेखील खूणच होती. अशा वेळी मी सूचीला हात न लावता प्रश्न दुरुस्त करतो.

पालक, वारजे

माझ्या मुलीचेही असेच झाले. 10 आणि 20 रुपयांच्या मिळून 35 नोटा, एकूण 550 रुपये, असे शाब्दिक उदाहरण होते. तिने (15, 20) लिहिले, सूचीत (20, 15) होते, आणि तिचा अर्धा गुण कापला गेला. तो परत मिळवण्यासाठी कोणाकडे अर्ज करावा?

धागा सुरू करणाऱ्या शिक्षिका

ताई, गुणांचे शाळेतच विचारावे लागेल. इथे आपण वाटण्यापूर्वीच्या तपासणीबद्दल बोलत आहोत. पण आपले उदाहरण त्या दृष्टीनेही उपयोगी आहे. x म्हणजे कोणत्या नोटा हे प्रश्नात ठरवून दिलेले नसेल, तर क्रमित जोडी उलटी येऊ शकते आणि दोन्ही मांडण्या योग्यच ठरतात. शाब्दिक उदाहरणाच्या सूचीत नुसती जोडी न देता "10 रुपयांच्या 15, 20 रुपयांच्या 20" असे लिहून घ्यायला हवे.

कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, धनकवडी

क्रेमरच्या पद्धतीच्या उदाहरणांत आढळलेली चूक सांगते. 3x + 2y − 7 = 0 आणि 5x + 3y = 11 यांची उकल (43, −68) अशी छापली होती. इतक्या मोठ्या संख्या पाहूनच शंका आली. पडताळा घेतला तर दुसऱ्या समीकरणात 215 − 204 = 11 बरोबर जुळले आणि पहिल्यात 3x + 2y ची किंमत −7 आली. यातच कारण दडलेले होते: स्थिरपद उजव्या बाजूला न नेता −7 तसेच निश्चयकात भरले गेले होते. 7 घेतले की D = −1, Dx = −1, Dy = −2 आणि उकल (1, 2) मिळते.

अक्षरजुळणी करणारे, अप्पा बळवंत चौकाजवळ

आमच्या बाजूनेही थोडे सांगतो. जुन्या फाँटमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलताना वजाचे चिन्ह कधी गळते, कधी त्याजागी भलतेच अक्षर येते, आणि शब्द वाचून मुद्रितशोधन करणाऱ्याच्या ते नजरेस पडत नाही. (−4, 2) चे (4, 2) झालेले कुणालाच खटकत नाही. आम्ही मुद्रित पाठवले, की आपण चिन्हे मूळ हस्तलिखितावर बोट ठेवून ताडावीत, एवढीच विनंती.

खासगी वर्ग घेणारे, कोथरूड

हडपसरच्या सरांचा अनंत उकलींचा मुद्दा मान्य आहे. 2/6, 3/9 आणि 5/15 हे सारे 1/3 च आहेत, हे पडताळ्यात दिसणे शक्य नव्हते. पण मग सूचीत काय छापावे? नुसते "अनंत उकली" लिहिले, तर त्यांतली एकही मुलांना दिसत नाही.

निवृत्त गणित शिक्षक, हडपसर

मी "अनंत उकली, त्यांपैकी एक (4, 1)" असे लिहितो.

कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षिका, धनकवडी

मला ते पटत नाही, सर. कंसातली जोडी दिसली की मुले तेवढीच उतरवून घेतात. मी x = (3y + 5)/2 असे संबंधरूपच देते.

धागा सुरू करणाऱ्या शिक्षिका

आमच्या पत्रिकेत असे एक उदाहरण खरोखरच निघाले. सूचीत तूर्तास दोन्ही रूपे लिहून ठेवली आहेत. (20, 22) च्या जागी (4, −2) छापलेले शुद्धिपत्रक पत्रिकेलाच टाचून देणार आहोत, कारण सुटा कागद वर्गात हमखास हरवतो.