रक्षाविसर्जनाच्या फलकाचं इंग्रजी

"निधनाच्या फलकाचा फोटो पुतण्यांना लंडनला पाठवायचाय. इंग्रजी केलं की सगळा मानच जातो, आणि रक्षाविसर्जनाला लिहायचं काय?"

रक्षाविसर्जन हा शब्द रोमन लिपीत तसाच ठेवा आणि पुढे एका ओळीत अर्थ सांगा. नुसतं 'अ‍ॅश इमर्शन' लिहिलं, तर नदीकाठचा घरगुती विधी वाटतो, तोही सवडीने कधीतरी होणारा. आपल्या कोल्हापुरात ते बहुधा तिसऱ्या दिवशी सकाळी स्मशानभूमीतच होतं, आणि भेटायला येणारे पाहुणे, भावकी, गल्ली सगळी तिथंच जमते. ते परदेशी वाढलेल्या मुलांना कळलं पाहिजे. फलकावर 'रविवारी सकाळी ९ वा., पंचगंगा स्मशानभूमी' असेल तर वार, तारीख लिहून लंडनची वेळही द्या: उन्हाळ्यात पहाटे साडेचार, हिवाळ्यात साडेतीन. फोनवरून सामील व्हायचं असेल, तर त्यांना एवढंच लागतं.

मानाचं म्हणाल तर मराठीत तो 'यांचे' आणि अनेकवचनी क्रियापदात असतो, इंग्रजी 'ही'मध्ये तो उरत नाही. म्हणून सर्वनाम टाळून 'द लेट श्री' आणि पूर्ण नाव पुन्हा लिहावं, 'डाइड'ऐवजी 'पास्ड अवे' घ्यावं. 'ह.भ.प.' गाळू नका. हरिभक्तपरायण असं पूर्ण लिहून वारकरी परंपरेतला मान आहे हे सांगा. खालच्या नावांतल्या 'गं. भा.'चं मात्र 'विडो' करू नये, मला ते फार बोचतं. तिथं 'श्रीमती' पुरतं.